‘तो पडला’ म्हणजे कोण पडला? व्हॉइस नोटमधून अपघाताचा अहवाल बांधताना

प्रश्न: परवा रात्री दीडच्या सुमारास आमच्या गोदामात एक अपघात झाला. कामाच्या ग्रुपवर वीस-पंचवीस व्हॉइस नोट, बरेच मेसेज आणि फोटो पडलेत. काहींनी मला वेगळं कळवलं, दोघांनी फोनवरच सांगितलं. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. यातून एक नीट अहवाल द्यायचाय. दोनदा लिहायला बसले, पण दोन्ही वेळा नुसती गोष्ट सांगितल्यासारखं झालं. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

तुमच्या पहिल्या शब्दापासूनच करू या. ‘परवा रात्री दीड’ म्हणजे कोणती तारीख? परवाच्या संध्याकाळी जी पाळी सुरू झाली तिच्यातली दीडची वेळ धरली, तर तारीख कालची होते. घड्याळाने गेलात तर परवाचीच. शिवाय आपल्याकडे ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. रात्रपाळीतल्या लोकांच्या बोलण्यात ‘काल’, ‘आज’, ‘मघाशी’ हे शब्द मध्यरात्रीनंतर कुठेही सरकतात. त्यामुळे अहवालात अशा शब्दांना जागा नाही. तारीख, वार आणि चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. गोष्ट सांगितल्यासारखं होतं, कारण ऐकता ऐकताच डोक्यात एक चित्र तयार होतं आणि आपण त्या चित्राचं वर्णन लिहून काढतो. पहिली व्हॉइस नोट ज्याची ऐकली, त्याचंच चित्र बहुधा टिकतं. नंतरचे सगळे त्याच चित्रात बसवले जातात आणि जे बसत नाही ते ‘त्याला नीट माहीत नसेल’ म्हणून बाजूला पडतं. वीस वर्षं सुरक्षा अधिकारी म्हणून अहवाल लिहिल्यावरही हे माझ्या हातून होतं, म्हणून मी स्वतःवर एक बंधन घातलंय. अहवालाचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी सगळा माल एका नोंदतक्त्यात उतरलेला असला पाहिजे. एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन सांगतो, म्हणजे तक्ता कशासाठी ते कळेल.

एका गोदामात रात्रपाळीत कॉस्टिकचा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या दाट द्रावणाचा, २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम फोर्कलिफ्टचा फोर्क लागून फुटला. फोर्कलिफ्ट चालकाच्या डोळ्यात शिंतोडे गेले. सकाळी अकराला माझ्याकडे आलं ते असं: ग्रुपवर नऊ व्हॉइस नोट, एकतीस मेसेज, सहा फोटो, आणि सुपरवायझरच्या तोंडून ऐकलेली हकीकत. चालकाला दवाखान्यात नेलेलं होतं. ‘बाकी कुणाला काही नाही’ असं सगळेच म्हणत होते.

आधी मूळ माल जसाच्या तसा बाजूला ठेवायचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण नंतर करता येत नाही. ग्रुपवर गायब होणारे मेसेज चालू असतील तर ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत जातात. शिवाय कुणीतरी घाबरून स्वतःची नोट सगळ्यांसाठी डिलीट करतोच. म्हणून सर्वांत आधी चॅटमधल्या Export chat ने मीडियासकट पूर्ण चॅट काढून घ्या. ‘मला फॉरवर्ड कर’ असं कुणालाही सांगू नका. फॉरवर्ड केलेल्या नोटवर फॉरवर्ड केल्याची वेळ येते, मूळ पाठवल्याची राहत नाही, आणि कुणी बोललं तेही पुसलं जातं. फोटोंचं तसंच. फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली काढल्याची वेळ आणि जागा व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं. ज्याने फोटो काढला त्यालाच तो Document म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल मिळते.

फाइलच्या नावावर फार विसंबू नका. अँड्रॉइड फोनवर व्हॉइस नोटचं नाव असं दिसतं:

```
PTT-20250614-WA0031.opus
```

यात तारीख आहे, वेळ नाही. शेवटचा आकडा त्या फोनवरचा त्या दिवसाचा क्रमांक असतो. तीच नोट दुसऱ्याच्या फोनवर वेगळ्या क्रमांकाने असते. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला माझा क्रमांक देतो. व्हॉइस नोटला व-१, व-२, मेसेजला म-१, फोटोला फ-१, तोंडी सांगितलेल्याला त-१. हाच क्रमांक पुढे अहवालात कंसात येतो आणि कुणी विचारलं की ‘हे तुम्हाला कुठून कळलं’, तर बोट ठेवायला जागा असते.

दुसरी पायरी उतरवून काढण्याची. नोट साध्या गतीने ऐका, दीडपट वेगाने नाही, आणि कानाला लावून नव्हे तर हेडफोनवर. शब्द जसे आहेत तसे लिहा, दर दहा-पंधरा सेकंदांनी नोटमधली वेळ टाका, आणि जे कळत नाही तिथे ‘अस्पष्ट’ असं चौकटी कंसात लिहून पुढे जा. अंदाजाने भरू नका. मराठीत आकड्यांचा खास त्रास आहे. घाईतल्या आवाजात ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखेच वाजतात, ‘पंचवीस’ आणि ‘पंचेचाळीस’ यांचीही गल्लत होते, ‘साडेतीन’मधला ‘साडे’ यंत्राच्या आवाजात बुडतो आणि नुसता ‘तीन’ उरतो. आकडा आला की तो नोटमध्ये दोनदा ऐका आणि बोलणाऱ्याला नंतर विचारताना ‘सहा आणि नऊ का?’ असं अंक सुटे करून विचारा.

त्या रात्रीची गेटवरच्या सुरक्षारक्षकाची नोट अशी उतरली. पाठवल्याची वेळ २:३४, लांबी ४८ सेकंद:

०:०० ‘अहो साहेब, डॉकवर या लवकर, डॉकवर…’
०:०९ ‘फोर्क लागला ड्रमला, तो आडवाच पडला, सगळं अंगावर…’
०:१८ [अस्पष्ट, मागे हॉर्न]
०:२६ ‘अख्खा ड्रम गेला बघा.’
०:३३ ‘ड्रायव्हर डोळा धरून बसलाय, धुतायत त्याला.’
०:४४ ‘आत्ता दोन मिनिटं झाली असतील.’

सुपरवायझरने ही नोट ऐकून सकाळी जो मसुदा केला होता त्यात वाक्य होतं: ‘फोर्क लागून ड्रम आडवा पडला व संपूर्ण रसायन सांडले.’ सरळ, स्वच्छ वाक्य. त्यातला अर्धा भाग चुकीचा होता आणि त्या चुकीच्या अर्ध्यामागे एक जखमी माणूस लपला होता. तिथवर जायला आधी वेळा सरळ कराव्या लागतील.

मेसेजवर दिसते ती वेळ मेसेज पाठवल्याची, घटनेची नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि लिहिताना सगळेच विसरतात. व्हॉइस नोटच्या बाबतीत तर बोलणं संपल्यावर नोट जाते, म्हणजे वरची ४८ सेकंदांची नोट साधारण २:३३ ला सुरू झाली. गोदामाच्या आत नेटवर्क धरत नसेल तर नोट पाठवणाऱ्याच्या फोनवरच अडकून राहते आणि उशिरा पोचते. वेळ कळीची असेल तेव्हा पाठवणाऱ्याच्या फोनवरची वेळही बघून घ्या. माझ्या तक्त्यात वेळेचे दोन वेगळे रकाने असतात, ‘कळवल्याची वेळ’ आणि ‘घडल्याची वेळ’. दुसरा रकाना सुरुवातीला बहुतेक रिकामाच राहतो, आणि तो रिकामा दिसणं फार उपयोगाचं असतं.

सुपरवायझरचा ग्रुपवरचा पहिला मेसेज २:३१ चा होता: ‘ड्रम फुटला डॉकवर. काम थांबवलंय.’ कॅमेऱ्यात मात्र फोर्क ड्रमला लागताना २:३३:४० ही वेळ दिसत होती. म्हणजे ड्रम फुटायच्या आधी फुटल्याचा मेसेज! असं दिसलं की घाबरायचं नाही आणि कुणावर संशयही घ्यायचा नाही, कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचं घड्याळ तपासायचं. हातातला फोन नेटवर्ककडून वेळ घेतो, डीव्हीआरला कित्येकदा कुणी वर्षानुवर्षं हात लावलेला नसतो. फोनवर सेकंदासकट घड्याळ उघडून डीव्हीआरच्या पडद्याशेजारी धरा, दोन्हींचा एकत्र फोटो काढा, तो फोटोही नोंदीत घाला. इथे डीव्हीआर बरोबर ६ मिनिटं पुढे होतं. म्हणजे फोर्क लागला २:२७:४० ला. मग सुपरवायझरच्या फोनच्या कॉल नोंदीत रुग्णवाहिकेला केलेला २:२९ चा कॉल, त्यानंतरचा २:३१ चा मेसेज, सगळं एका ओळीत आलं.

आणि रक्षकाचं ‘आत्ता दोन मिनिटं झाली असतील’? त्याच्या बोलण्याच्या वेळेपासून मागे गेलं तर २:३२ येते, प्रत्यक्षात सहा मिनिटं झाली होती. तो खोटं बोलत नव्हता. धावपळीत माणसाला वेळ आखडलेली किंवा ताणलेली वाटते. म्हणून वेळेच्या बाबतीत माझा क्रम ठरलेला आहे. आधी दुरुस्त केलेली यंत्राची वेळ, मग कॉलची नोंद, मग मेसेज पाठवल्याची वेळ, आणि शेवटी माणसाने तोंडाने सांगितलेली. माणसाचं ऐकायचं ते क्रमासाठी. ‘आधी धुतलं, मग फोन केला’ हे तो सहसा बरोबर सांगतो, ‘पाच मिनिटांनी’ हे सहसा चुकीचं.

याच रीतीने एक अवघड गोष्ट बाहेर आली. तिघांनी सांगितलं होतं की चालकाचा डोळा ‘पंधरा मिनिटं धुतला’. पंधरा मिनिटं हा आकडा प्रशिक्षणातून प्रत्येकाच्या तोंडी बसलेला असतो, कारण डोळ्यात रसायन गेल्यावर आयवॉशवर किमान तेवढा वेळ सलग धुवायचं असतं, आणि कॉस्टिकसारख्या अल्कलीला तर त्याहूनही जास्त. लोक पुष्कळदा घडलेलं न सांगता घडायला हवं होतं ते सांगतात, आणि तेही प्रामाणिकपणे. कॅमेऱ्यात, वेळ दुरुस्त करून, चालक आयवॉशवर पोचला २:२९:१० ला आणि तिथून उठला २:३५:३० ला. म्हणजे सहा मिनिटं वीस सेकंद. तिथे पोचायलाच दीड मिनिट गेलं होतं, जे साधारण दहा सेकंदांत व्हायला हवं. चालकाने दवाखान्यातून ४:१० ला पाठवलेल्या नोटमध्ये मात्र ‘केबिनमध्ये परत बाटलीने धुतलं’ असं होतं. केबिनमध्ये कॅमेरा नाही. म्हणून अहवालात गेलं ते असं: ‘आयवॉशवर ६ मिनिटे २० सेकंद (कॅमेरा). त्यानंतर केबिनमध्ये बाटलीतील पाण्याने पुन्हा धुतल्याचे चालक सांगतो (व-७). तो कालावधी ठरवता आलेला नाही.’ पंधरा मिनिटं लिहिलं असतं तर सगळ्यांना बरं वाटलं असतं, आणि आयवॉशच्या वाटेत पॅलेट रचून ठेवल्या होत्या हे कुणी विचारलंही नसतं.

आता ‘तो’कडे येऊ. मराठीत ड्रमही ‘तो’ आणि माणूसही ‘तो’. टाकी असती तर ‘ती पडली’ म्हटल्यावर निदान अर्धा प्रश्न सुटला असता. व्हॉइस नोटमध्ये बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दृश्य असतं, त्यामुळे तो कर्ता गाळतो, ‘तिकडे’, ‘पलीकडे’, ‘हा’, ‘तो’ यांवर भागवतो. ऐकणारा मात्र वाक्यातल्या आधीच्या नामाला तो ‘तो’ चिकटवतो. म्हणून उतरवून झालेल्या मजकुरातल्या प्रत्येक सर्वनामाखाली मी लाल रेघ मारतो आणि बाजूला लिहितो, ‘कोण?’ प्रत्येक जागेच्या शब्दाखाली ‘कुठे?’ हे काम यांत्रिक आहे, अर्ध्या तासात होतं, आणि अहवालातल्या निम्म्या चुका इथेच सापडतात.

रक्षकाच्या वाक्यात दुसरीही एक गोष्ट होती. ‘फोर्क लागला ड्रमला, तो आडवाच पडला, सगळं अंगावर’ यात तीन विधानं आहेत आणि तिन्ही एकाच प्रकारची नसतील. म्हणून तक्त्यात ती तीन वेगळ्या ओळींत गेली, आणि प्रत्येकीपुढे एक रकाना: पाहिलं, ऐकलं, की वाटलं. हा रकाना ऐकून भरायचा नाही, विचारून भरायचा.

विचारताना मी फोन करतो आणि अहवालाचा मसुदा समोर ठेवत नाही. ‘ड्रम आडवा पडला ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ येणारच, विशेषतः साहेबाने विचारल्यावर. रक्षकाला मी विचारलं, ‘काका, आवाज झाला तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात? तिथून पहिलं काय दिसलं?’ तो म्हणाला, मी गेटच्या चौकीत होतो, धाडकन आवाज आला म्हणून वळलो, तर तो पोरगा घसरून पडत होता. कोणता पोरगा? ‘अहो तो मदतनीस, पॅलेटला हात देत होता तो.’ आणि फोर्क? ‘ते ड्रायव्हर ओरडला ना, फोर्क लागला, फोर्क लागला.’

म्हणजे ‘फोर्क लागला’ हे ऐकलेलं, ‘तो पडला’ हे पाहिलेलं पण माणसाबद्दल, आणि ‘सगळं अंगावर’ हेही मदतनिसाबद्दल. कॅमेऱ्यात हे दिसलं नव्हतं, कारण फोर्कलिफ्टचं धूड मध्ये होतं. दृश्यात फक्त फोर्क लागतानाचा हादरा आणि नंतर डोळा धरून पळणारा चालक.

एका माणसाच्या सांगण्यावर मी मसुदा उलटा करणार नव्हतो, म्हणून ड्रमकडे गेलो. ड्रम पॅलेटवर उभाच होता आणि छिद्र तळापासून ६२ सेंटिमीटरवर, म्हणजे जवळपास ९० सेंटिमीटर उंचीच्या ड्रमच्या दोन तृतीयांशाच्या जरा वर. उभ्या ड्रममधून छिद्राच्या खालचा माल बाहेर येऊ शकत नाही. आडवा पडला असता तर पुष्कळ जास्त गेला असता. मग ड्रम वजनकाट्यावर ठेवला. रिकाम्या ड्रमचं वजन ९ किलो धरून आत २१० किलो माल निघाला. त्या द्रावणाचं वजन लिटरला साधारण दीड किलो असतं, म्हणजे आत १४० लिटर शिल्लक. भरलेला ड्रम २०० लिटरचा, तेव्हा सांडलं सुमारे ६० लिटर. छिद्राची उंची आणि काट्याचा आकडा एकमेकांना धरून होते. ‘अख्खा ड्रम गेला’ हे रक्षकाला फरशीवरचं पाणी बघून वाटलेलं होतं. साठ लिटर फरशीवर पसरलं की तेवढं दिसतंच. एका मेसेजमध्ये तर ‘थोडं सांडलंय, पुसून घेतलं’ असं होतं. दोन्हींची सरासरी काढून ‘अर्धा ड्रम’ लिहिणारे मी पाहिलेत. दोन चुकीच्या अंदाजांची सरासरी तिसरा चुकीचा अंदाज असते. मोजता येत असेल तर मोजा, नसेल तर दोन्ही अंदाज त्यांच्या मालकांसकट लिहा.

मग मदतनीस कुठे होता? ग्रुपवर त्याचं काहीच नव्हतं. मी सुपरवायझरला विचारलं, ‘तुम्हाला वेगळा काही मेसेज आलाय का?’ हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि तोंडी उत्तरावर न थांबता त्यांना फोन उघडून बघायला सांगतो. कारण ग्रुपवर लोक जपून बोलतात. दुखतंय, चुकलं, भीती वाटते, हे सगळं खासगी मेसेजमध्ये जातं. सुपरवायझरच्या फोनमध्ये सकाळी ६:२० चा न वाचलेला मेसेज होता: ‘घरी पोचलो. पँट बदलली. मांडीला चुरचुरतंय जरा. झोपतो आता.’

कॉस्टिक निसरडं असतं, त्यावरूनच तो घसरला होता. आणि अल्कलीच्या भाजण्याचा दगा असा की सुरुवातीला ती पुष्कळदा फारशी दुखत नाही. जखम मात्र आत उतरत राहते. भिजलेल्या पँटमध्ये त्याने पाळी संपवली होती, कारण सगळ्यांचं लक्ष डोळ्याकडे होतं. पावणेबाराला त्याला फोन करून उठवलं, मांडी वाहत्या पाण्याखाली धरायला लावली आणि दवाखान्यात पाठवलं. तिथे मांडीवर आणि कमरेच्या बाजूला भाजल्याचं निदान झालं. अहवालाचं काम मी त्यानंतरच पुढे नेलं. तक्ता भरताना असं काही सापडलं तर तक्ता बाजूला ठेवून आधी माणूस बघा, हे वेगळं सांगायला नको.

तक्ता पूर्ण झाला की आमच्या उदाहरणातल्या तीन ओळी अशा दिसत होत्या:

व-३अ. रक्षक. कळवलं २:३४. घडलं २:२७:४० (कॅमेरा, दुरुस्त). ‘फोर्क ड्रमला लागला.’ ऐकलं, चालकाकडून. दुजोरा: कॅमेरा, छिद्राचा फोटो.

व-३आ. रक्षक. कळवलं २:३४. घडलं: फोर्क लागल्यानंतर लगेच, नेमकी वेळ नाही. ‘तो आडवा पडला’, म्हणजे मदतनीस (रक्षकाशी फोनवर बोलून, त-४). पाहिलं. दुजोरा: मदतनिसाचा मेसेज म-३२, वैद्यकीय तपासणी.

व-३ई. रक्षक. ‘अख्खा ड्रम गेला.’ वाटलं. खोडलं: वजनकाटा, छिद्राची उंची.

खोडलेली ओळ पुसायची नाही. ‘खोडलं’ आणि का, हे लिहून ती तक्त्यात राहू द्यायची. दोन महिन्यांनी कुणीतरी तीच नोट घेऊन येतो आणि म्हणतो, अख्खा ड्रम गेला होता, तुम्ही साठ लिटर कसं लिहिलंत.

दोन माणसांचं जुळत नाही आणि मोजायला, बघायला काही नाही, अशाही जागा राहतात. इथे चालक म्हणत होता की मदतनिसाने ‘चल, चल’ असा हात दाखवला. मदतनीस म्हणत होता, मी ‘थांब’ दाखवला. रात्रीच्या उजेडात, फोर्कलिफ्टच्या मास्टआडून, दोघांनाही आपापलं खरं वाटत असणार. मी न्यायनिवाडा केला नाही. दोन्ही विधानं शेजारी ठेवली, इशारा कॅमेऱ्यात दिसत नाही हे लिहिलं, आणि हाताच्या इशाऱ्यांची ठरलेली पद्धत तिथे लावलेली नव्हती एवढं नोंदवलं. कारणांचा विचार पुढच्या भागात होतो, घटनेच्या वर्णनात नाही. वर्णनातच ‘चुकीच्या इशाऱ्यामुळे’ असं एकदा लिहिलं गेलं की पुढची चौकशी त्या एका शब्दाभोवती फिरते.

आता लिहायला बसा. तक्ता भरलेला असला की लिहिणं तासाभराचं काम आहे. सुरुवातीला चार-पाच ओळींत सार: कधी, कुठे, काय झालं, कोणाला काय इजा, सध्या स्थिती काय. मग वेळेच्या क्रमाने घटना. मग इजा आणि प्रथमोपचार. मग लगेच काय केलं. मग एक स्वतंत्र परिच्छेद: काय ठरवता आलेलं नाही. त्यानंतर कारणं आणि उपाय, ते वेगळ्या पानावर असले तरी चालतील. बहुतेक अहवालांत ‘ठरवता आलेलं नाही’ हा परिच्छेद नसतोच, आणि म्हणून लिहिणारा नकळत ती भोकं वाक्यांनी बुजवत जातो.

भाषेबद्दल एवढंच. ‘सदर घटना घडली असून रसायनाची गळती होऊन कर्मचारी बाधित झाले’ असं वाक्य कार्यालयीन वाटतं, पण त्यात कोणी, कशाने, किती, यातलं काहीच नाही. दुसऱ्या टोकाला ‘चालकाने निष्काळजीपणे ड्रम फोडला’. त्यात कर्ता आहे, पण शिक्षाही उरकलेली आहे. मधली वाट दिसलेली हालचाल लिहिण्याची:

‘रात्री २:२७ वाजता (कॅमेरा, वेळ दुरुस्त) फोर्कलिफ्टचा डावा फोर्क पॅलेटवरील कॉस्टिकच्या ड्रमला लागला व तळापासून ६२ सें.मी. उंचीवर छिद्र पडले. ड्रम उभाच राहिला. सुमारे ६० लिटर द्रावण सांडले (वजनावरून). शिंतोडे चालकाच्या उजव्या डोळ्यात गेले (व-७). पॅलेटजवळ उभा असलेला मदतनीस सांडलेल्या द्रावणावरून घसरून पडला (त-४, त-५) व त्याचे कपडे भिजले. त्याच्या इजेची नोंद सकाळी ११:४५ पर्यंत झाली नव्हती.’

शेवटचं वाक्य सुपरवायझरला आवडलं नव्हतं. ते राहिलं, कारण ते तक्त्यात होतं.

नावं अहवालात मी घालत नाही. चालक, मदतनीस, रक्षक अशी भूमिका पुरते. नावांची यादी वेगळी, ज्याला गरज आहे त्याच्याकडेच. वैद्यकीय तपशील कामापुरते. जखमेचे फोटो ग्रुपवरून आलेले असले तरी जोडपत्रात सरसकट लावू नका, आणि व्हॉइस नोटमधल्या शिव्या, रडणं, कुणाबद्दलचं मत मूळ फाइलमध्येच राहू द्या.

पाठवायच्या आधी ज्यांचं म्हणणं वापरलंय त्यांना फक्त त्यांच्या म्हणण्याचा भाग वाचून दाखवा, फोनवर चालेल. त्यांनी दुरुस्ती सुचवली तर जुनं विधान बदलू नका, खाली नव्या तारखेने दुरुस्ती जोडा. अहवाल गेल्यावर नवी नोट सापडली तरी तेच. आमच्या त्या अहवालाला नवव्या दिवशी एक पुरवणी लागली. साठवणुकीच्या कामगाराच्या फोनमध्ये नेटवर्क नसल्याने अडकलेली एक नोट तो दुसऱ्या पाळीला आल्यावर गेली होती, आणि तिच्यात आयवॉशसमोरच्या पॅलेट त्या संध्याकाळी किती वाजता तिथे ठेवल्या गेल्या, ते होतं.